किलोमीटर सांगू नका, चढ सांगा!

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर ट्रेकची नोटीस लागते तेव्हा तिच्यात चार गोष्टी हमखास असतात. तारीख, वर्गणी, 'सोबत टॉर्च आणावी' ही सूचना, आणि अंतर. 'कळसूबाई शिखर (१६४६ मीटर), अंतर एका बाजूने फक्त साडेसहा किलोमीटर.' यातला 'फक्त' हा शब्द लिहिणारा माणूस मला अजून सापडलेला नाही, पण नोटीस वाचणाऱ्यांवर त्याचा परिणाम मी दर वर्षी बघतो. "साडेसहाच ना बे? एवढं तं मी सेवाग्रामले पायी जातो!" असं म्हणत पोरं धडाधड नावं देतात.

आता हिशेब बघा. वर्धा ते सेवाग्राम साधारण आठ किलोमीटर. म्हणजे कळसूबाईपेक्षा सेवाग्राम लांब आहे! अंतरावर ट्रेक ठरत असता तर सेवाग्रामला जाऊन आलेला प्रत्येक माणूस महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर हसतखेळत पोचला असता. तसं होत नाही, कारण बारी गावातून कळसूबाईला जाताना त्या साडेसहा किलोमीटरमध्ये सुमारे ८२० मीटर (जुन्या मापात २७०० फूट) वर चढायचं असतं. आपल्या हॉस्टेलचा एक मजला ३ मीटरचा धरला तर हे झाले २७३ मजले. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर एक्क्याण्णव वेळा चढायचं, तेही लागोपाठ. मेसमधून पोळी खाऊन वर खोलीत येताना ज्यांना मध्ये थांबावं लागतं त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रेकच्या नोटिशीवर अंतर एकटं लिहूच नये. त्यासोबत वाटेचा उंचीचा आलेख, म्हणजे 'एलेव्हेशन प्रोफाईल' लावावा. आणि तो आपण नीट वाचायला शिकावं. वाचायला शिकावं हे मुद्दाम म्हणतो, कारण आलेख हल्ली मोबाईलवर कुणालाही मिळतो, पण बहुतेक जण त्याच्याकडे चित्र म्हणून बघतात. "अरे बापरे, केवढा उभा!" किंवा "काही नाही, सपाटच आहे." दोन्ही मतं बहुधा चुकीची असतात.

चित्राचा उभेपणा खोटा असतो

सिव्हिलवाल्यांना हे नवीन नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण रस्त्याचा एल-सेक्शन काढतो तेव्हा आडवी स्केल वेगळी आणि उभी स्केल वेगळी घेतो. नाहीतर रस्त्याचे चढउतार कागदावर दिसणारच नाहीत. ट्रेकचा आलेख म्हणजे हाच एल-सेक्शन. फरक एवढाच की तिथे स्केल कोणी ठरवली हे आपल्याला माहीत नसतं.

कळसूबाईचंच घ्या. साडेसहा, नेमकं ६.६ किलोमीटर अंतर साडेसोळा सेंटिमीटर रुंदीत बसवलं, तर आडवा १ सेंटिमीटर म्हणजे ४०० मीटर. ८२० मीटर चढ ८.२ सेंटिमीटर उंचीत बसवला, तर उभा १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. म्हणजे चित्रात उंची चौपट ताणली गेली. खरा सरासरी चढ ८२० भागिले ६६००, म्हणजे १२.४ टक्के, कोनात सांगायचं तर ७ अंश. चित्रात मात्र तीच रेघ २६ अंशांची दिसते. जिन्याएवढी उभी!

याच्या उलट गंमत सपाट रस्त्यावर होते. वर्धा ते सेवाग्राम आठ किलोमीटर, आणि त्यात सगळ्यात वरची आणि खालची जागा यांत समजा २५ मीटरचा फरक. मोबाईल काय करतो, चौकट भरून टाकतो. सोळा सेंटिमीटर रुंदीत आठ किलोमीटर आणि आठ सेंटिमीटर उंचीत हे पंचवीस मीटर. उंची १६० पट ताणली गेली! चित्रात सह्याद्रीची रांग दिसते, आणि प्रत्यक्षात तिथून म्हातारी माणसं सायकलवर जातात.

म्हणून आलेख समोर आला की आधी रेघेकडे बघूच नका. दोन्ही अक्षांवरचे आकडे वाचा. खाली किती किलोमीटर, बाजूला किती मीटर. दोन ट्रेकची तुलना करायची असेल तर दोन्ही आलेख एकाच स्केलवर काढा, नाहीतर ती तुलना नव्हे. एवढं केलं तरी अर्धे गैरसमज तिथेच संपतात.

सरासरी काय लपवते

आता तो १२.४ टक्के चढ. ऐकायला तसा बरा वाटतो. व्हीलचेअरसाठी बांधतात तो रॅम्प बारास एक, म्हणजे ८ टक्क्यांच्या वर असतो. नेहमीच्या जिन्याची पायरी १५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे चढ ५० टक्के. मग १२.४ म्हणजे रॅम्पपेक्षा थोडा जास्त आणि जिन्यापेक्षा खूप कमी. सोपं की!

पण कळसूबाईवर १२.४ टक्क्यांचा चढ असलेली जागा शोधायला गेलात तर फार थोडी सापडेल. कारण सह्याद्री एकसारखा चढत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. कठीण बसाल्टचा थर आला की कडा उभा राहतो, आणि मऊ, भुसभुशीत थर आला की तो झिजून पठारासारखा सपाट टप्पा तयार होतो. त्यामुळे वाट काही वेळ शेतातून, टप्प्यावरून निवांत जाते आणि मग एकदम अंगावर येते. कळसूबाईला लोखंडी शिड्या लावल्या आहेत त्या याच उभ्या थरांवर.

नुसतं समजण्यासाठी एक विभागणी करू. हे आकडे त्या वाटेवर मोजलेले नाहीत, हिशेबाला घेतलेले आहेत. समजा ६.६ पैकी ३.६ किलोमीटर वाट टप्प्यांवरून जाते आणि त्यात मिळून १२० मीटर चढते. हा चढ झाला साडेतीन टक्क्यांच्या आत. उरलेल्या ३ किलोमीटरमध्ये मग ७०० मीटर चढायचे राहिले. तो चढ झाला २३ टक्के. एकूण अंतर तेच, एकूण चढ तोच, सरासरीही तीच १२.४. पण ट्रेक अगदी वेगळा. अर्धी वाट गप्पा मारत जायची आणि अर्धी वाट तोंड बंद ठेवून.

म्हणून आलेख वाचताना तो ५०० - ५०० मीटरच्या तुकड्यांत वाचावा. प्रत्येक तुकड्यात उंची किती वाढली ते बघायचं आणि ५०० ने भागायचं. ५० मीटर वाढली तर १० टक्के, १०० वाढली तर २० टक्के, २०० वाढली तर ४० टक्के. माझा अंदाज असा की १० टक्क्यांपर्यंत आपला पोरगा गाणी म्हणत चालतो. २० च्या पुढे गाणी बंद होतात. ३० च्या पुढे दर दहा मिनिटांनी "पाच मिनिटं थांबू" सुरू होतं. आणि सलग ५०० मीटर ४० च्या वर असेल तर तिथे कुठेतरी हात लावून चढावं लागणार हे धरून चालावं.

हाच हिशेब मोबाईलशिवाय भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवरही होतो. १:५०,००० च्या शीटवर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि आपल्याकडच्या भागात दोन समोच्चरेषांमध्ये, म्हणजे कंटूरमध्ये, २० मीटरचं अंतर असतं. दर पाचवी रेघ जाड असते, ती १०० मीटरची. वाटेवर पट्टी ठेवा आणि दर सेंटिमीटरला किती रेघा ओलांडल्या ते मोजा. पाच रेघा म्हणजे २० टक्के. दहा रेघा म्हणजे ४० टक्के. बारी ते शिखर शीटवर साधारण तेरा सेंटिमीटर आणि एक्केचाळीस रेघा, म्हणजे सरासरी दर सेंटिमीटरला तीन. मग जिथे सात-आठ रेघा एकमेकींना चिकटून आल्या, तिथे पेन्सिलने गोल करून ठेवा. २०१७ पासून या विभागाने ओपन सिरीजचे नकाशे इंटरनेटवर फुकट दिले आहेत, त्यामुळे "नकाशा कुठून आणू सर" ही सबबसुद्धा राहिलेली नाही.

एकूण चढ म्हणजे काय

आता दुसरी गोष्ट, जिच्यावरून ट्रेकच्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वाद होतात. एक जण म्हणतो, "शिखराची उंची वजा गावाची उंची, झाला चढ." कळसूबाईसारख्या सरळ वर जाणाऱ्या वाटेला हे साधारण चालतं. पण राजगड-तोरणा घ्या. दोन्ही किल्ले चौदाशे मीटरच्या आसपास. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाज्याने उतरून डोंगराच्या सोंडेवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचं. वजाबाकी केली तर उत्तर जवळपास शून्य येतं. मग चढ नाहीच? जो ती वाट चालून आला आहे त्याला हे विचारून बघा, आणि विचारताना थोडं लांब उभे राहा.

पुन्हा गोल आकडे घेऊ, त्या वाटेचं मोजमाप म्हणून नव्हे, तशा प्रकारच्या वाटेचं उदाहरण म्हणून. सुरुवात १३५० मीटरवर. दोन किलोमीटरला १००० वर उतरलो. चारला १०८० वर चढलो. सहाला ९८० वर उतरलो. आठला १०६० वर चढलो. दहाला १३८० वर पोचलो. चढ मोजा: ८० अधिक ८० अधिक ३२०, म्हणजे ४८० मीटर. उतार मोजा: ३५० अधिक १००, म्हणजे ४५० मीटर. दोन्हींची वजाबाकी ३०, आणि शेवटची उंची वजा पहिली उंचीसुद्धा ३०.

हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं ना? सेकंड इयरला लेव्हलिंगमध्ये केलेली 'राइज अँड फॉल' मेथड! राइजची बेरीज वजा फॉलची बेरीज बरोबर शेवटचा आर.एल. वजा पहिला आर.एल. जर्नल तपासताना सर हाच 'चेक' बघतात. ट्रेकच्या भाषेत एकूण चढ म्हणजे राइजची बेरीज. आणि तो चेक इथेही लावायचा. कुणी तुम्हाला एकूण चढ आणि एकूण उतार असे दोन आकडे दिले, तर त्यांची वजाबाकी सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीतल्या फरकाएवढी आली पाहिजे. नसेल येत, तर त्या आकड्यांत काहीतरी गडबड आहे.

पण इथे एक मोठी मेख आहे. चेक जुळला म्हणजे बेरीज खरी, असं मात्र नाही. समजा सपाट रस्त्यावर मोबाईलने अशा उंच्या नोंदल्या: २४०, २४२, २३९, २४१, २३८, २४०. रस्ता सपाटच आहे, फक्त यंत्राचा आकडा दोन-तीन मीटर इकडेतिकडे हलतो आहे. राइज मोजा: २ अधिक २ अधिक २, झाले ६ मीटर. फॉल मोजा: ३ अधिक ३, तेही ६. चेक एकदम करेक्ट! आणि चढ सहा मीटर, जो मुळात अस्तित्वातच नाही.

आता हेच सेवाग्रामच्या रस्त्याला लावा. आठ किलोमीटरमध्ये दर १० मीटरला एक नोंद, म्हणजे ८०० तुकडे. प्रत्येक तुकड्यात आकडा फक्त एक मीटर हलला, एकदा वर, एकदा खाली, तरी ४०० राइज झाले. एकूण चढ ४०० मीटर! म्हणजे मोबाईलच्या मते सेवाग्रामला जाणं म्हणजे अर्ध कळसूबाई चढणं. मागच्या सेमिस्टरला एका मित्राने याच भरवशावर "मी आठवड्याला दोन हजार मीटर चढतो" असं सगळ्या विंगला सांगितलं होतं. रोज तो हिंडत होता ग्राउंडभोवती.

उलट दर एक किलोमीटरला एकच नोंद घेतली तर मधले लहान चढउतार गडप होतात आणि चढ कमी येतो. म्हणजे 'एकूण चढ' हा वाटेचा एकच ठाम आकडा नाही, तो कसा मोजला यावर ठरतो. म्हणूनच एकाच वाटेला दोन ॲप दोन वेगळे आकडे देतात आणि दोन्ही खोटं बोलत नसतात.

उपाय साधा आहे. किरकोळ हालचाल मोजायची नाही. समजा १० मीटरची अट ठेवली. जोपर्यंत खालच्या बिंदूपासून सलग १० मीटर वर गेलो नाही, तोपर्यंत त्याला चढ म्हणायचं नाही. वरच्या सपाट रस्त्याचा चढ मग शून्य होतो, आणि राजगड-तोरण्यासारख्या उदाहरणातला ४८० तसाच राहतो, कारण तिथला सगळ्यात लहान चढही ८० मीटरचा आहे. आणि आपलं ॲप किती भरवशाचं हे बघायचं असेल तर त्याच्यासाठी वर्ध्यासारखी प्रयोगशाळा नाही. आपल्याकडे सपाट रस्त्याला काय तोटा? एखाद्या रविवारी तसा रस्ता चालून या. ॲपने शंभर-दोनशे मीटर चढ दाखवला तर डोंगरातही ते तेवढी भर घालणार हे ओळखा.

आलेखात जे येतच नाही

आलेखातल्या उंच्या येतात कुठून, हेही माहीत हवं. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' हे अमेरिकन अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि त्याने रडारने जमिनीची उंची मोजली. त्या मोहिमेचं नाव एसआरटीएम. सुरुवातीला आपल्या भागासाठी साधारण ९० मीटरची जाळी मिळत होती, २०१४ नंतर ३० मीटरची खुली झाली. बऱ्याच ॲपच्या आलेखामागे अजूनही हीच माहिती असते. जाळी ३० मीटरची म्हणजे जमिनीच्या ३० मीटर बाय ३० मीटरच्या चौकोनाला उंचीचा एकच आकडा.

आता कळसूबाईची एखादी शिडी घ्या. समजा आठ मीटर उंच कातळ, जवळजवळ उभा. जाळीला तो कातळ दिसतच नाही. तिला दिसतं एवढंच की एका चौकोनातून शेजारच्या चौकोनात गेलं की उंची आठ मीटर वाढली. आठ भागिले तीस, म्हणजे २७ टक्के. आलेखात मग सरळ रेघ, 'थोडा चढ'. आणि प्रत्यक्षात तिथे लोखंडी शिडीखाली पन्नास माणसं रांगेत उभी, वरून उतरणारे वेगळे, आणि एखाद्याचे पाय लटपटताहेत म्हणून सगळं अडलेलं.

म्हणजे सह्याद्रीतला अवघड भाग नेमका तोच असतो जो आलेख गुळगुळीत करून टाकतो. यावर माझी एक खूण आहे. सह्याद्रीतल्या वाटेचा आलेख पायऱ्यांसारखा दिसला पाहिजे, मघाशी सांगितलेल्या थरांमुळे. तो जर चिकण्या घसरगुंडीसारखा एकसारखा दिसत असेल, तर डोंगर तसा नाही, माहिती जाड आहे. अशा वेळी आलेखातला २५-३० टक्क्यांचा प्रत्येक तुकडा संशयाने बघायचा आणि त्या गावच्या माणसाला विचारायचं: इथे शिडी आहे का, कातळ आहे का, पावसात वाट बंद असते का?

दुसरी चूक उलट्या बाजूची. कड्याच्या काठाने किंवा अरुंद सोंडेवरून जाणारी वाट नकाशावर वीस-तीस मीटर बाजूला काढली गेली, तर आलेख मधेच दरीत उडी मारतो आणि लगेच वर येतो. इंग्रजी 'व्ही' सारखी अरुंद खाच दिसते, चढ शंभर टक्क्यांच्या वर. अशी खाच दिसली की घाबरायचं नाही, नकाशावर ती जागा बघायची. वाट तिथे खरोखर घळ ओलांडत नसेल तर ती खाच खोटी, आणि तिच्यामुळे एकूण चढात आलेला आकडा वजा करायचा.

रेक्टर सरांचा प्रश्न

एवढा खटाटोप कशासाठी? तर रेक्टर सर परवानगीच्या अर्जावर सही करताना एकच प्रश्न विचारतात, "परत कधी येणार?" आणि आपण ठोकून देतो, "संध्याकाळपर्यंत सर." दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपचं हे 'संध्याकाळपर्यंत' शिडीवरच मावळलं. मी त्या ग्रुपच्या मागच्या टोकाला होतो. चौतीस जणांत टॉर्च अकरा, आणि फर्स्ट इयरची दोन पोरं पायात गोळे आल्यामुळे बसून बसून उतरत होती. कुणाला काही झालं नाही, हे आपलं नशीब. पण त्या दिवशी कुणाचे पाय कमी पडले नव्हते. हिशेबच कुणी केला नव्हता.

हिशेब असा. १८९२ साली विल्यम नाईस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम दिला. आजच्या मापात साधारण ५ किलोमीटरला एक तास, आणि ६०० मीटर चढाला आणखी एक तास. कळसूबाईला लावू. ६.६ किलोमीटरचे ७९ मिनिटं, ८२० मीटरचे ८२ मिनिटं. एकूण २ तास ४१ मिनिटं. सेवाग्रामचे आठ किलोमीटर याच नियमाने १ तास ३६ मिनिटं. 'फक्त साडेसहा' मधला 'फक्त' इथे उघडा पडतो!

हा नियम तयारीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. आपण सपाट मुलखातले. आपला सगळ्यात जवळचा उंच डोंगर चिखलदऱ्याचा, आणि तिथेही आपण बसने चढतो. शिवाय तीस जणांचा ग्रुप सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगाने चालतो. म्हणून मी दीडपट धरतो. चढायला झाले चार तास.

उतरताना अंतराचे ७९ मिनिटं आहेतच. एरिक लँगमुर यांनी नाईस्मिथच्या नियमात जी दुरुस्ती केली तिच्याप्रमाणे १२ अंशांपेक्षा उभ्या उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं वाढवायची. मघाच्या विभागणीतला २३ टक्क्यांचा भाग १३ अंशांचा होतो, म्हणजे त्या ७०० मीटरला २३ मिनिटं वाढली. एकूण १ तास ४२ मिनिटं, दीडपट केले की अडीच तास. वर देवळापाशी डबा आणि फोटो यांचा एक तास. सगळं मिळून साडेसात तास. शिडीची रांग यात धरलेली नाही.

आता सकाळी सहाला निघालात तर दीडला खाली. पण आपण वर्ध्याहून रात्रीची गाडी पकडतो, उतरल्यावर जीप शोधतो, चहापोहे होतात आणि बारीतून पाय निघतो दहाला. मग खाली यायला साडेपाच. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे हातात अर्धा तास, आणि रविवारची शिडी तो अर्धा तास एकटी खाऊन टाकते. हे सगळं नोटीस लिहितानाच कळू शकतं. गाडीतून उतरून त्या दिवशी खाली मुक्काम करायचा आणि दुसऱ्या पहाटे चढायचं, हा निर्णय हॉस्टेलवर बसून घेता येतो, शिडीवर नाही.

काही जण म्हणतील, "एवढं गणित करून ट्रेकची मजाच जाते यार." मला ते पटत नाही. उलट ज्याला माहीत आहे की आत्ताचा उभा तुकडा चारशे मीटरचा आहे आणि पुढे सपाट टप्पा आहे, तो शांतपणे चढतो. ज्याला काहीच माहीत नाही तो दर वळणावर "आता किती राहिलं?" विचारतो, आणि पुढचा प्रत्येक वेळी "आलंच!" म्हणतो. हे 'आलंच' ऐकून मी लोकांना रडकुंडीला आलेलं पाहिलं आहे. बाकी आलेख सगळं सांगत नाही हेही कबूल. तो चिखल सांगत नाही, ऊन सांगत नाही, पाणी कुठे मिळेल ते सांगत नाही. ते विचारूनच घ्यावं लागतं.

म्हणून माझी जिमखाना सेक्रेटरी आणि रेक्टर सर दोघांना विनंती आहे. यापुढे ट्रेकच्या नोटिशीवर आणि परवानगीच्या अर्जावर एवढं असल्याशिवाय पुढे जाऊ नये: सुरुवातीची उंची, सगळ्यात वरची उंची, एकूण चढ आणि तो कशावरून मोजला, सगळ्यात उभा अर्धा किलोमीटर कुठे आणि किती टक्के, शिड्या किंवा कातळ कुठे, आणि वरच्या रीतीने काढलेली परत येण्याची वेळ. सोबत उंचीचा आलेख, दोन्ही अक्षांवर आकडे घालून. सिव्हिलच्या कोणत्याही पोराला हे काम एका संध्याकाळचं आहे. आणि त्या नोटिशीत 'फक्त' हा शब्द वापरायला बंदी असावी.